सोसायटीच्या ग्रुपॲडमिन सेक्रेटरींना: मेसेज पुसा, पण कारण लिहा



ज्यांच्या फोनवर सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप चालतो, त्या सगळ्या सेक्रेटरी, चेअरमन आणि खजिनदारांना हे पत्र लिहिते आहे. टँकर किती वाजता येणार, लिफ्ट कधी सुरू होणार, मेंटेनन्स का वाढला, गच्चीची किल्ली कुणाकडे, हे सगळं आता जिन्यातल्या नोटीस बोर्डावर कमी आणि या ग्रुपवर जास्त ठरतं. तुम्ही हे काम बिनपगारी करता, ऑफिसमधून दमून आल्यावर रात्री अकरा वाजता लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देता, हे मला माहीत आहे. तरीही एका गोष्टीबद्दल तुमच्याशी स्पष्ट बोलायला हवं. ती गोष्ट म्हणजे दुसऱ्या सभासदाचा मेसेज सगळ्यांच्या फोनवरून पुसून टाकण्याचा तुमच्याकडे असलेला अधिकार.

हा अधिकार फार जुना नाही. आपण स्वतः पाठवलेला मेसेज सगळ्यांकडून पुसण्याची सोय व्हॉट्सॲपने २०१७ च्या अखेरीस दिली, तेव्हा त्याला जेमतेम सात मिनिटांची मुदत होती. पुढे ती वाढत वाढत २०२२ मध्ये दोन दिवसांच्या वर गेली. त्याच २०२२ मध्ये ॲडमिनला इतरांचे मेसेजही पुसता येऊ लागले. त्याआधी ॲडमिन माणसाला ग्रुपमधून काढू शकत होता, फक्त ॲडमिननीच लिहावं अशी सेटिंग लावू शकत होता, पण एखाद्याने लिहिलेलं वाक्य मात्र त्याच्या हाताबाहेर असायचं. आता मेसेजवर बोट दाबून धरायचं, डब्याच्या चिन्हावर टॅप करायचं आणि Delete for everyone निवडायचं, की काम झालं. इतकं सोपं असल्यामुळेच त्याचे परिणाम नीट समजून घेतले पाहिजेत.

एक प्रसंग सांगते. सोसायटी कोणती ते महत्त्वाचं नाही. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी कमिटीने कोटेशनं मागवली होती. एका रात्री साडेनऊच्या सुमारास बी विंगमधल्या एका काकूंनी दोन कोटेशनांचा फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "स्वस्त कोटेशन असताना महाग का निवडलं? कुणी सांगेल का?" पाच मिनिटांत एकाने तोच मेसेज धरून उत्तर दिलं, "बरोबर विचारलंत काकू." दुसऱ्याने पुन्हा तोच मेसेज धरून लिहिलं, "हे मीटिंगमध्ये घ्या." दहाच्या आसपास फोटो गेला. त्या जागी, काकूंच्या नावाखाली, करड्या अक्षरांतली एक ओळ आली: This message was deleted by admin, आणि पुढे सेक्रेटरींचं नाव.

त्या रात्री ग्रुपमध्ये कुणाला काय दिसलं, ते एकेक करून पाहू. काकूंना आपला प्रश्न गेलेला दिसला आणि तो कुणी काढला तेही दिसलं. ज्यांनी फोटो पाहिला होता त्यांना मजकूर आठवत होता, त्यामुळे त्यांच्या डोक्यात लगेच जोडणी झाली: पैशांचा प्रश्न विचारला आणि सेक्रेटरीने तो पुसला. ए विंगमधले एक काका लवकर झोपतात आणि फोन बंद ठेवतात. सकाळी फोन सुरू केल्यावर त्यांना फोटो मिळालाच नाही, थेट ती ओळच मिळाली. त्यांनी शेजाऱ्याला विचारलं आणि त्यांना कारणाऐवजी शेजाऱ्याचं मत मिळालं. ज्यांच्या फोनमध्ये सेक्रेटरींचा नंबर सेव्ह नव्हता, त्यांना कुठल्या तरी ॲडमिनने काहीतरी काढलं इतकंच कळलं. ज्यांनी नंबर "सेक्रेटरी काका" म्हणून सेव्ह केला होता त्यांना तसंच वाचायला मिळालं. एका कृतीच्या अशा किती तरी आवृत्त्या एकाच इमारतीत तयार झाल्या.

आता सेक्रेटरींची बाजू. त्यांनी प्रश्न दडपला नव्हता. कोटेशनच्या तळाशी ठेकेदाराचा बँक खाते क्रमांक आणि त्याच्या घरचा पत्ता छापलेला होता. ज्या ग्रुपवर भाडेकरू, जुने भाडेकरू आणि सोसायटी सोडून गेलेले दोघे-तिघेही अजून आहेत, तिथे हा कागद फिरू नये असं त्यांना वाटलं, आणि ते योग्यच होतं. महाग कोटेशन निवडण्यालाही कारण होतं: त्यात जास्त वर्षांची हमी होती आणि जुना थर खरवडून काढण्याचं काम धरलेलं होतं. हे सगळं त्यांनी पुढच्या सभेत कागदासह सांगितलं. पण सभा होईपर्यंत जिन्यात, पार्किंगमध्ये आणि बाजूच्या तीन छोट्या ग्रुपवर "कमिशन" हा शब्द पोहोचला होता. प्रामाणिक माणसावरचा तो डाग सभेतल्या खुलाशानेही पूर्ण गेला नाही, कारण सभेला निम्मे लोक आलेच नव्हते.

हे असं का होतं, याचं कारण त्या ओळीच्या रचनेत आहे. मेसेज पुसला की ती ओळ मूळ मेसेजच्याच जागी बसते. पाठवणाऱ्याचं नाव वर तसंच राहतं, पाठवल्याची वेळ तशीच राहते, आणि मधल्या मजकुराच्या जागी ॲडमिनचं नाव येतं. म्हणजे दोन माणसांची नावं आणि वेळ सगळ्यांसमोर राहते, जातो तो मजकूर, आणि कारण तर कधी लिहिलेलंच नसतं. कारण लिहिण्याची जागाच तिथे नाही. कुणी विचारलं, कुणी काढलं हे उघड आणि काय विचारलं, का काढलं हे अदृश्य, अशी ही मांडणी वाचणाऱ्याला तर्क करायला भाग पाडते. शिव्या पुसल्या, खोटी बातमी पुसली, खाते क्रमांक पुसला किंवा हिशेबाचा प्रश्न पुसला, तरी पडद्यावर चारही वेळा एकच ओळ येते. चांगल्या हेतूने पुसणारा आणि लपवण्यासाठी पुसणारा तिथे एकसारखेच दिसतात.

तरीही ती ओळ राहते हे मला बरं वाटतं, आणि ती काढून टाकावी असं मी कधीच म्हणणार नाही. टेलिग्रामवर ॲडमिनने मेसेज काढला की तिथे काहीच उरत नाही. वरचा आणि खालचा मेसेज एकमेकांना चिकटतात. काढल्याची नोंद फक्त ॲडमिनना, त्यांच्या Recent Actions यादीत, ४८ तासांपर्यंत दिसते. नोटीस बोर्डावरचा कागद कुणी रात्रीतून काढला आणि टाचणीचं भोकही बुजवलं, तसा तो प्रकार. शेजाऱ्यांच्या ग्रुपमध्ये ते फार वाईट ठरलं असतं. २०२२ मध्येच व्हॉट्सॲपने ग्रुप सोडणं गुपचूप केलं, कुणी बाहेर पडलं तर त्याच वेळी फक्त ॲडमिनना कळतं. पण ॲडमिनने मेसेज पुसणं मात्र सगळ्यांसमोर, नावानिशी ठेवलं. दुर्बळाच्या कृतीला आडोसा आणि अधिकाऱ्याच्या कृतीला उजेड, हा भेद मला न्याय्य वाटतो. म्हणून तुमचं नाव तिथे येतं याचा राग मानू नका. त्या नावाशेजारी कारण ठेवायचं काम मात्र तुमचं आहे.

दुसरी गोष्ट नीट लक्षात घ्या: पुसणं म्हणजे खरोखर नष्ट करणं नव्हे. व्हॉट्सॲपचे मेसेज एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत कुलूपबंद जातात, आणि पोहोचल्यावर प्रत्येकाच्या फोनमध्ये आपापली प्रत राहते. तुम्ही पुसता तेव्हा कंपनीच्या एखाद्या मोठ्या फळ्यावरून ओळ मिटत नाही. तुमच्या फोनकडून ग्रुपमधल्या सगळ्या फोनना एक सूचना जाते की अमुक मेसेज काढा, आणि प्रत्येक फोन आपली प्रत काढून तिथे ती ओळ दाखवतो. ज्याचं ॲप फार जुनं आहे तिथे हे घडेलच असं नाही, आणि एखाद्या फोनवर पुसलं गेलं नाही तर तसं तुम्हाला कुणी कळवतही नाही. मेसेज दुसऱ्याचा असल्यामुळे पुसण्यापूर्वी तो किती जणांनी वाचला, हेही तुम्हाला पाहता येत नाही. ती माहिती फक्त पाठवणाऱ्याकडे असते.

त्या रात्रीच्या फोटोचंच पाहा. ज्या दोघांनी काकूंचा मेसेज धरून उत्तर दिलं, त्यांच्या उत्तरांवर मूळ मेसेजचा तुकडा चिकटलेला असतो, आणि मूळ मेसेज पुसला तरी तो तुकडा जात नाही. फोटो असेल तर छोटं पुसट चित्र उरतं, खाली लिहिलेली ओळ मात्र स्पष्ट वाचता येते. म्हणूनच काकूंचा प्रश्न सकाळीही ग्रुपवर दोनदा वाचता येत होता, फक्त काकूंच्या जागी नव्हता. कुणी तो आधीच दुसऱ्या ग्रुपवर पुढे पाठवला असेल तर तिथली प्रत स्वतंत्र, तिला तुमचा हात लागत नाही. आयफोनवर फोटो आपोआप गॅलरीत साठत असतील तर तिथेही तो राहू शकतो. अँड्रॉइडच्या ११ व्या आवृत्तीपासून फोनमध्ये नोटिफिकेशनचा इतिहास ठेवण्याची सोय आहे. ती ज्याने चालू केली आहे, त्याला आलेल्या मेसेजचा मजकूर २४ तास तिथे सापडतो. स्क्रीनशॉटबद्दल तर बोलायलाच नको.

याचा अर्थ पुसण्याला अर्थच नाही असा नाही. खाते क्रमांक सकाळी फोन उघडणाऱ्या ४० जणांपर्यंत पोहोचला नाही, हा फायदा खरा आहे. पण एखादी गैरसोयीची गोष्ट मिटवण्यासाठी कुणी हे वापरत असेल, तर ती मिटत नाही, उलट तिच्याभोवती चौकट आखली जाते. काल ज्यांनी लक्षही दिलं नसतं ते आज "काय होतं त्यात?" म्हणून विचारतात.

मग करायचं काय? माझी विनंती क्रमाबद्दल आहे. पुसण्याआधी ग्रुपवर दोन ओळी लिहा, आणि मग पुसा. त्या दोन ओळींत कुणाचा मेसेज, त्यातला कोणता भाग अडचणीचा आणि पुढे काय, एवढं असावं. त्या रात्री हे असं लिहिता आलं असतं: "काकूंनी टाकलेल्या कोटेशनच्या फोटोत ठेकेदाराचा खाते क्रमांक दिसतो आहे, म्हणून तेवढा फोटो काढतो आहे. प्रश्न योग्य आहे, उत्तर उद्या संध्याकाळपर्यंत देतो. काकू, क्रमांक झाकून फोटो पुन्हा टाकलात तरी चालेल." हे टाइप करायला दोन मिनिटं पुरतात. यात काकूंचा मान राहिला असता, ठेकेदाराची माहिती वाचली असती आणि सकाळी उठणाऱ्या काकांना करड्या ओळीखालीच कारण वाचायला मिळालं असतं.

इथे एक बारीक खबरदारी आहे, जी बहुतेक जण विसरतात. ही सूचना लिहिताना जो मेसेज काढायचा आहे तोच धरून उत्तर देऊ नका. तसं केलंत तर जे काढायचं त्याचाच तुकडा तुमच्या सूचनेवर चिकटून राहील. वेगळा, स्वतंत्र मेसेज लिहा. इतरांच्या उत्तरांत अडचणीचा मजकूर अडकला असेल, उदाहरणार्थ कुणाचा मोबाइल नंबर, तर ती उत्तरंही काढावी लागतील, आणि मग एकाखाली एक तीन-चार करड्या ओळी दिसतील. कारण न लिहिता तशी रांग उभी राहिली तर सगळी चर्चाच दाबली असं दिसतं. म्हणून अशा वेळी सूचनेत तेही लिहा की अमुक जणांची उत्तरंही त्याच कारणाने काढली, त्यांच्या मतामुळे नव्हे.

शक्य असेल तिथे पुसण्याआधी पाठवणाऱ्याला फोन करा. आपला मेसेज आपण स्वतः काढला तर तिथे येणाऱ्या ओळीत ॲडमिनचं नाव नसतं, फक्त मेसेज काढला गेला एवढंच येतं, आणि माणसाला अपमान वाटत नाही. "काकू, त्यात खाते नंबर आहे, तुम्हीच काढता का?" असं विचारल्यावर नाही म्हणणारी माणसं मी फार पाहिली नाहीत. तुम्ही स्वतः पुसायची वेळ आली, तर मूळ मजकूर आधी कमिटीच्या फाइलसाठी जपून ठेवा, कारण सगळ्यांसाठी पुसलेला मेसेज परत आणता येत नाही. फक्त स्वतःपुरतं काढलं असेल तर Undo चा पर्याय काही सेकंद येतो, सगळ्यांसाठी काढल्यावर तो येत नाही. नाहीतर पुढे त्या सभासदाने "मी हे विचारलं होतं" म्हटलं तर तुमच्याकडे दाखवायला काहीच नसेल, आणि त्याच्याकडे मात्र कुणाचा तरी स्क्रीनशॉट असेल.

काय पुसावं याबद्दल माझं मत सांगते. लहान मुलाचा फोटो पालकांना न विचारता टाकलेला, आधार कार्डाचा फोटो, ओटीपी, एखाद्या बाईचा नंबर, कुणाच्या आजाराची माहिती, दोन समाजांत आग लावणारी अफवा, फसवणुकीच्या लिंका: या गोष्टी ताबडतोब काढा, वाट पाहू नका. शिवीगाळही काढा. पण हिशेबाचा प्रश्न, कमिटीवरची टीका, निवडणुकीची मागणी, पाण्याबद्दलची चिडचिड, भाषा जरा कडक असली तरी, पुसू नका. त्यांना उत्तर द्या, किंवा "सभेत घेऊ" म्हणा. सोसायटी ही सहकारी संस्था आहे, सभासद तिचे मालक आहेत आणि दप्तर पाहण्याचा हक्क त्यांना कायद्याने दिलेला आहे. जो माणूस कार्यालयात येऊन खर्चाचं व्हाउचर मागू शकतो, त्याचा त्याच खर्चाबद्दलचा प्रश्न ग्रुपवरून पुसणं कोणत्याच हिशेबात बसत नाही.

मला अनेक सेक्रेटरींनी एकच उत्तर दिलं आहे: "उद्या पोलीस केस झाली तर ॲडमिन म्हणून मला धरतील, म्हणून मी काहीही शंकास्पद दिसलं की पुसतो." ही भीती मला समजते, पण ती जेवढी सांगितली जाते तेवढी मोठी नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात स्पष्ट म्हटलं की, सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, दोघांचा समान हेतू असल्याचं दिसत नसेल तर, ॲडमिनला जबाबदार धरता येणार नाही. मजकूर टाकला जाण्याआधी तो तपासण्याचा किंवा अडवण्याचा अधिकार ॲडमिनकडे नसतो, हेही न्यायालयाने नोंदवलं. पुढच्या वर्षी केरळ उच्च न्यायालयानेही याच दिशेचा निर्णय दिला. या दोन्ही निर्णयांच्या वेळी ॲडमिनकडे पुसण्याची सोय नव्हती, आता आहे, म्हणून आग लावणारा मजकूर दिसला की तो काढण्यात हयगय करू नये असं मी वरच म्हटलं आहे. पण लिफ्टच्या एएमसीबद्दलचा प्रश्न हा आक्षेपार्ह मजकूर नव्हे, आणि केसच्या भीतीचं पांघरूण त्यावर घालू नका.

एक गोष्ट सभासदांच्या बाजूनेही. ग्रुपवर लिहिलेली तक्रार ही नोंदलेली तक्रार नसते, हे आपण सगळ्यांनी समजून घ्यायला हवं. ज्याला उत्तर हवंच आहे त्याने ती कागदावर द्यावी, कार्यालयाच्या आवक नोंदीत क्रमांक घ्यावा आणि पोच घ्यावी. मग ग्रुपवरचा मेसेज राहो वा जावो, विषय फाइलवर राहतो. सेक्रेटरी महोदय, ज्या सभासदाचा प्रश्न तुम्ही काही कारणाने पुसला, त्याला हा रस्ता तुम्हीच दाखवा. "पुसलं, पण कार्यालयात अर्ज द्या, मी स्वतः पोच देतो" असं सांगणाऱ्या सेक्रेटरीबद्दल जिन्यात कुजबुज होत नाही.

आणि शेवटची मागणी, जी लेखी उतरावी असं वाटतं. वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यायची असते. तिच्या नोटिशीला पूर्ण चौदा दिवस लागतात, तेव्हा विषयपत्रिका ठरते आहे तोवरच एक विषय त्यात घाला: सोसायटीच्या ग्रुपवरचे मेसेज कोण आणि कोणत्या कारणांनी काढू शकेल. ॲडमिन कमीत कमी दोन असावेत आणि त्यातला एक कमिटीबाहेरचा असावा, काढण्याआधी कारण लिहावं, आणि काढलेल्या मेसेजची यादी कारणासह महिन्याच्या कमिटी बैठकीत वाचली जावी, असा ठराव मांडा. सोडून गेलेल्या लोकांना ग्रुपमधून कधी काढायचं हेही त्याच ठरावात ठरवा. आमच्याकडे हा ठराव मी सूचक म्हणून मांडणार आहे. तुमच्याकडे तो तुम्हीच मांडलात तर अनुमोदनाला माणसं कमी पडणार नाहीत.

आपली,
एका गृहनिर्माण संस्थेची सभासद